कारच्या विम्याच्या पहिल्या पानावर काय लिहिलेलं असतं? आणि छोट्या डेंटसाठी क्लेम करावा का?

कारचा विमा काढला की मेलवर काही पानांची पीडीएफ येते. त्यातलं पहिलं पान म्हणजे पॉलिसी शेड्यूल. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये या पानाचा फोटो कुठेतरी गॅलरीत पडलेला असतो. ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं की तो शोधायचा, दाखवायचा आणि पुन्हा विसरून जायचं. गाडी ठोकली गेली की मग हाच फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि खाली प्रश्न येतो, "यात हे कव्हर होतं का?"

उत्तर त्या फोटोतच असतं. फक्त ते सरळ वाक्यात लिहिलेलं नसतं. ते चार शब्दांत आणि त्यांच्यासमोरच्या आकड्यांत असतं: ओन डॅमेज, थर्ड पार्टी, डिडक्टिबल आणि नो क्लेम बोनस.

२५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडवरच्या एकतानगरी परिसरात पाणी शिरलं आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा वेळी दोन शेजाऱ्यांच्या एकाच मॉडेलच्या गाड्या सारख्याच पाण्यात असतात, दोघांकडेही चालू पॉलिसी असते, पण एकाला पैसे मिळतात आणि दुसऱ्याला एक रुपयाही मिळत नाही. फरक असतो शेड्यूलवरच्या एका ओळीचा.

ती ओळ कोणती, हे समजून घेण्यासाठी एक नमुना शेड्यूल पाहूया.

नमुना शेड्यूल

समजा, १,१९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. जून २०२२ मध्ये घेतलेली. पॉलिसीचा काळ १५ जून २०२५ ते १४ जून २०२६. आतापर्यंत एकही क्लेम नाही. तिच्या शेड्यूलवरचे महत्त्वाचे आकडे साधारण असे दिसतील. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत. थर्ड पार्टीचा दर मात्र खरा, सरकारने ठरवलेला आहे.)

| शेड्यूलवरची ओळ | रक्कम |
|---|---|
| आयडीव्ही | ४,८०,००० रुपये |
| ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम | ८,००० रुपये |
| नो क्लेम बोनस ३५ टक्के | वजा २,८०० रुपये |
| ओन डॅमेजचा निव्वळ प्रीमियम | ५,२०० रुपये |
| थर्ड पार्टी प्रीमियम | ३,४१६ रुपये |
| मालक-चालक अपघात विमा | ३५० रुपये |
| एकूण, जीएसटीआधी | ८,९६६ रुपये |
| जीएसटी १८ टक्के | १,६१४ रुपये |
| भरायची रक्कम | १०,५८० रुपये |
| सक्तीचं डिडक्टिबल | १,००० रुपये |
| ऐच्छिक डिडक्टिबल | ० |

आता यातली एकेक ओळ.

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण?

विम्याच्या करारात पहिली पार्टी तुम्ही, दुसरी विमा कंपनी. या दोघांच्या बाहेरचा, तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो माणूस म्हणजे थर्ड पार्टी. रस्ता ओलांडणारे आजोबा, समोरचा दुचाकीस्वार, ज्याच्या दुकानाच्या शटरवर गाडी आदळली तो दुकानदार.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे.

या विम्याचं महत्त्व दंडापेक्षा खूप मोठं आहे. अपघातात समोरच्याचा मृत्यू झाला किंवा तो जखमी झाला, तर किती भरपाई द्यायची हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. मृताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांचा हिशोब करून ही रक्कम काढली जाते आणि ती सहज लाखांत जाते. मृत्यू आणि दुखापतीसाठी या विम्याला वरची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र खासगी कारला साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे.

इथे शेड्यूलवर एक बारीक ओळ शोधा. काही पॉलिसींमध्ये मालमत्तेच्या नुकसानीची ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणलेली असते. त्या बदल्यात प्रीमियममध्ये मिळणारी सूट वर्षाला १०० रुपयांच्या आसपास असते. आज एखाद्या कारचा एक हेडलाइट बदलायलाही ६,००० रुपये पुरतील याची खात्री नाही. वरचा सगळा खर्च मग तुमच्या खिशातून.

थर्ड पार्टीचा दर विमा कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. त्यामुळे दोन कंपन्यांच्या कोटेशनमध्ये फरक दिसला तर तो या ओळीत नसतो. तो ओन डॅमेजच्या ओळीत असतो.

आणखी एक गोष्ट. गाडी चालवणारा मालक स्वतः थर्ड पार्टी नसतो. त्याच्यासाठी मालक-चालक अपघात विमा ही वेगळी ओळ असते. त्याची रक्कम किमान १५ लाख रुपये. शेड्यूलवर या ओळीसमोर शून्य असेल, तर दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत किंवा स्वतंत्र पॉलिसीत हे कव्हर घेतलेलं आहे का, ते तपासा.

ओन डॅमेज: तुमच्या गाडीचं काय?

नावातच अर्थ आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचं अपघातात, आगीत, चोरीत, पुरात, दंगलीत झालेलं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. हा भाग कायद्याने सक्तीचा नाही. तो घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं.

पुरातल्या त्या दोन शेजाऱ्यांचा फरक इथे आहे. ज्याच्या शेड्यूलवर ओन डॅमेजची ओळ आहे, त्याला क्लेम करता येतो. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे, त्याची पॉलिसी कायदेशीर आहे, चालू आहे, पोलिसांना दाखवायला पुरेशी आहे, पण त्याच्या बुडालेल्या गाडीशी तिचा काहीही संबंध नाही.

मुद्दाम फक्त थर्ड पार्टी घेतली असेल तर ठीक. पण अनेकांच्या बाबतीत हे नकळत घडतं, आणि नवी गाडी घेणाऱ्यांच्या बाबतीत याची शक्यता सर्वांत जास्त असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे नव्या गाडीच्या शेड्यूलवर दोन वेगवेगळे कालावधी छापलेले असतात. नमुन्यातल्या गाडीच्या पहिल्या पॉलिसीवर थर्ड पार्टीचा काळ जून २०२५ पर्यंत होता, तर ओन डॅमेजचा फक्त जून २०२३ पर्यंत. मालकाने फोटोत २०२५ पाहून "अजून दोन वर्षं बघायला नको" असं ठरवलं असतं, तर जून २०२३ नंतर गाडी ओन डॅमेजविना फिरली असती. चलन आलं नसतं, कारण थर्ड पार्टी चालू होती. चूक कळली असती ती थेट अपघातानंतर गॅरेजमध्ये.

म्हणून फोटोत आधी तारखा पाहा. "पॉलिसी कधीपर्यंत आहे?" हा प्रश्न अपुरा आहे. "ओन डॅमेज कधीपर्यंत आहे?" हा प्रश्न विचारा. ती तारीख उलटली असेल आणि थर्ड पार्टी शिल्लक असेल, तर फक्त ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसीही मिळते.

आयडीव्ही इतके पैसे मिळतात का?

शेड्यूलवरचा सर्वांत मोठा आकडा आयडीव्हीचा. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर भरपाईचा आधार हा आकडा असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं मानलं जातं.

हा आकडा गाडीच्या वयानुसार उतरतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीसाठी कंपनीच्या छापील किमतीतून ४० टक्के वजा होतात. नमुन्यातल्या गाडीची किंमत ८ लाख धरली, तर उरतात ४ लाख ८० हजार. पाच वर्षांनंतर ही रक्कम कंपनी आणि मालक आपसात ठरवतात.

नेहमीच्या डेंट-पेंटच्या क्लेममध्ये मात्र आयडीव्हीचा थेट उपयोग नसतो. तिथे पैसे ठरतात ते गॅरेजच्या बिलावरून, आणि बिलातून दोन कपाती होतात. एक घसाऱ्याची, दुसरी डिडक्टिबलची.

डिडक्टिबल: प्रत्येक क्लेममध्ये तुमचा वाटा

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममधली अशी रक्कम, जी कंपनी देणार नाही. ती तुम्हीच भरायची. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला सक्तीचं डिडक्टिबल १,००० रुपये असतं, त्यावरच्या कारला २,००० रुपये. काही शेड्यूलवर हे शब्द सापडत नाहीत, नुसतं आयएमटी २२ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हाच. आयएमटी २२ए असेल तर ते ऐच्छिक डिडक्टिबल.

हे दर क्लेमला लागतं, दर वर्षाला नाही. मार्चमध्ये मागचा बंपर फुटला आणि मेमध्ये पुढचा, तर ते दोन क्लेम आणि दोन वेळा कपात. म्हणूनच "सगळ्या जुन्या ओरखड्यांचं मिळून एकच करून टाकू" हा सल्ला चालत नाही. कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहायला येतो तेव्हा कोणता मार ताजा आहे आणि कोणता जुना, हे गंज, धूळ आणि धक्क्याची दिशा यांवरून त्याला कळतं.

ऐच्छिक डिडक्टिबल हे तुम्ही स्वतःहून वाढवून घेतलेलं ओझं. "प्रत्येक क्लेममध्ये आणखी ५,००० मी भरेन, मला प्रीमियम कमी लावा" असा तो सौदा. जुन्या टॅरिफच्या चौकटीत ५,००० रुपयांच्या ऐच्छिक डिडक्टिबलवर ओन डॅमेज प्रीमियममध्ये २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपयांची सूट धरलेली होती. म्हणजे ते ५,००० रुपये सूटीतून वसूल व्हायला किमान तीन वर्षांहून जास्त काळ क्लेमविना जायला हवा. जो क्वचित गाडी बाहेर काढतो, त्याला हे परवडू शकतं. रोज ठाणे ते अंधेरी करणाऱ्याने दोनदा विचार करावा.

ऑनलाइन पॉलिसी घेताना हप्ता अचानक स्वस्त दिसला, तर ही ओळ आधी पाहा. कधी कधी स्वस्ताईचं कारण इथेच दडलेलं असतं.

नो क्लेम बोनस: सूट कशावर मिळते?

वर्षभर ओन डॅमेजचा क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी मिळणारी सूट म्हणजे नो क्लेम बोनस. पहिल्या क्लेमविना वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ५० टक्के ही कमाल मर्यादा.

नमुना शेड्यूल पुन्हा पाहा. ३५ टक्के सूट मिळाली, पण फक्त ओन डॅमेजच्या ८,००० रुपयांवर, म्हणजे २,८०० रुपये. थर्ड पार्टीच्या ३,४१६ रुपयांना ती लागू नाही. त्यामुळे "माझा बोनस ५० टक्के आहे, मग हप्ता निम्मा का झाला नाही?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

या बोनसचे तीन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकून नवी घेतली, तर आधीच्या कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन तो नव्या गाडीवर नेता येतो. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला मात्र आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत ५० टक्के दिसले, तरी ते त्याचे आहेत. नव्या मालकाने पॉलिसी आपल्या नावावर करून घेताना बोनसचा फरक भरावा लागतो. नाव न बदलता तीच पॉलिसी वापरत राहिलं, तर थर्ड पार्टी कव्हर कायद्यानुसार नव्या मालकाकडे येतं, पण ओन डॅमेजचा क्लेम अडकू शकतो.

दुसरा, पॉलिसी संपून ९० दिवस उलटले आणि नूतनीकरण केलं नाही, तर साठवलेला बोनस शून्य होतो.

तिसरा, बोनस "नो क्लेम" आहे, "नो फॉल्ट" नाही. सिग्नलला उभ्या गाडीला मागून कुणी धडक दिली, चूक पूर्ण त्याची होती, तरी तुम्ही तुमच्या ओन डॅमेजमधून क्लेम केला तर बोनस जातो.

मागच्या वर्षी क्लेम केलेला असताना नव्या कंपनीला "क्लेम नाही" असं सांगून बोनस घेतला, तर हप्ता भरताना कदाचित कुणी विचारणार नाही. पण पुढे क्लेम आला की कंपनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करते, आणि खोटी माहिती हे क्लेम नाकारण्याचं कारण ठरतं. एजंटने परस्पर फॉर्म भरला असेल, तरी शेड्यूलवरचा बोनसचा टक्का खरा आहे का हे तपासणं मालकाच्याच हिताचं.

आता खरा प्रश्न: डेंटसाठी क्लेम करावा का?

समजा नमुन्यातली गाडी पार्किंगच्या खांबाला घासली. पुढचा बंपर फुटला, डावा फेंडर चेपला. वर्कशॉपने कर धरून अंदाज दिला १५,८०० रुपयांचा. मालकाकडे झिरो डेप्रिसिएशनचं ॲड-ऑन नाही. मग हिशोब असा होतो.

| बाब | बिल | कपात |
|---|---|---|
| बंपर (प्लास्टिक) | ४,५०० | २,२५० |
| फेंडर (पत्रा) | ३,००० | ७५० |
| रंगकाम | ६,००० | ७५० |
| मजुरी | २,००० | ० |
| क्लिप, नटबोल्ट | ३०० | ३०० |
| एकूण | १५,८०० | ४,०५० |

कपात अशी का? प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा लागतो, गाडी कितीही नवी असली तरी. पत्र्याच्या भागांवर वयानुसार लागतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या हिश्श्यावर ५० टक्के घसारा. मजुरीवर घसारा नाही. क्लिप-नटबोल्टसारख्या किरकोळ वस्तू वेगळं ॲड-ऑन नसेल तर सहसा मिळत नाहीत.

१५,८०० मधून ४,०५० गेले, उरले ११,७५०. त्यातून सक्तीच्या डिडक्टिबलचे १,००० गेले. कंपनी देणार १०,७५० रुपये, मालकाच्या खिशातून ५,०५०.

इथपर्यंत क्लेम फायद्याचा वाटतो. पण बोनसचा हिशोब अजून बाकी आहे.

या गाडीला आत्ता ३५ टक्के बोनस आहे. क्लेम केला नाही, तर पुढच्या पाच वर्षांत बोनस असेल ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के. क्लेम केला आणि त्यानंतर एकही केला नाही, तर असेल ०, २०, २५, ३५, ४५ टक्के. दर वर्षीचा फरक काढला, तर तो ४५, ३०, २५, १५ आणि ५ येतो. एकूण १२० टक्के. सहाव्या वर्षी दोन्हीकडे ५० टक्के होतात आणि फरक संपतो.

म्हणजे एका क्लेमची किंमत आहे ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या मूळ प्रीमियमच्या १.२ पट. गाडी जुनी होत जाते तसा हा प्रीमियम साधारणपणे उतरतो, म्हणून पुढच्या पाच वर्षांची सरासरी ७,००० रुपये धरूया. ७,००० गुणिले १.२ म्हणजे ८,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ९,९१२ रुपये.

मिळणार १०,७५०, जाणार ९,९१२. पाच वर्षांच्या हिशोबात फायदा उरतो जेमतेम ८३८ रुपयांचा. त्यासाठी सर्व्हेअरची वाट पाहायची, कागद द्यायचे आणि वर्षभरात खरोखर मोठा अपघात झालाच तर बोनस आधीच गेलेला असणार.

या मालकाने ५,००० रुपयांचं ऐच्छिक डिडक्टिबल घेतलेलं असतं, तर हातात आले असते ५,७५० रुपये. मग हाच क्लेम ४,००० रुपयांहून जास्त तोट्याचा ठरला असता. उलट बिल ४०,००० चं असतं आणि कंपनी त्यातले २७,००० देणार असती, तर क्लेम न करणं चुकीचं ठरलं असतं.

पहिल्याच वर्षातल्या गाडीचं गणित वेगळं येतं. तिचा बोनस अजून शून्य असतो. क्लेम न केल्यास २०, २५, ३५, ४५, ५० आणि केल्यास ०, २०, २५, ३५, ४५ अशी शिडी असते. फरकांची बेरीज ५० टक्के. म्हणजे तिथे क्लेमची किंमत मूळ प्रीमियमच्या निम्मीच. ज्याचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे, त्याच्यासाठी ती सव्वापट.

फोटो समोर ठेवून कुणालाही करता येईल असं हे गणित आहे: बोनस वजा होण्यापूर्वीचा ओन डॅमेज प्रीमियम घ्या. पहिलं वर्ष असेल तर त्याचा निम्मा, बोनस ३५ टक्के किंवा त्याहून वर असेल तर साधारण सव्वापट करा, वर जीएसटी धरा. घसारा आणि डिडक्टिबल वजा जाऊन कंपनीकडून मिळणारी रक्कम याहून बरीच जास्त असेल तर क्लेम करा. जवळपास असेल तर खिशातून दुरुस्ती केलेली बरी.

ॲड-ऑन असेल तर?

झिरो डेप्रिसिएशन असेल, तर वरच्या उदाहरणातले घसाऱ्याचे ३,७५० रुपये वाचतात. पण डिडक्टिबल तसंच राहतं आणि बोनसही तसाच जातो. शिवाय वर्षात असे किती क्लेम चालतील याला मर्यादा असते. नो क्लेम बोनस प्रोटेक्शन हे वेगळं ॲड-ऑन आहे. ते असेल तर अटींनुसार एखाद-दुसऱ्या क्लेमनंतरही बोनस टिकतो आणि वरचं गणित बदलतं. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन लागतं. यापैकी काय घेतलं आहे, त्याची यादी शेड्यूलवरच असते. तिथे नाव नसेल, तर एजंटने तोंडी काहीही सांगितलेलं असो, ते कव्हर नाही.

हे गणित कधी करू नये?

अपघातात कुणी जखमी झालं असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीचं, मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर बोनसचा विचार बाजूला ठेवून कंपनीला ताबडतोब कळवावं. आज "राहू द्या" म्हणणारा समोरचा माणूस पुढे न्यायाधिकरणात दावा करू शकतो, आणि कंपनीला अपघात कळवलेलाच नसेल तर अडचण वाढते.

क्लेम करायचा की नाही हे ठरवायला फार वेळही घेऊ नये. वर्कशॉपकडून त्याच दिवशी अंदाज घ्या, फोटो काढा आणि निर्णय करा. सर्व्हेअरने पाहण्याआधी बंपर बदलून टाकला, तर नंतर क्लेम करणं कठीण होतं.

फोटोत चूक सापडली तर?

इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, इंधनाचा प्रकार आणि बोनसचा टक्का हे आरसी आणि जुन्या पॉलिसीशी जुळवून पाहा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर तेही शेड्यूलवर नोंदलेलं हवं. चूक असेल तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्या. या दुरुस्तीला एंडोर्समेंट म्हणतात आणि ती मूळ शेड्यूलला जोडलेला वेगळा कागद म्हणून येते. त्यामुळे जुना फोटो डिलीट करून नवा जपून ठेवा.

कंपनीने तक्रार ऐकली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत आणि तक्रारीला शुल्क लागत नाही.

आणि फोटो ग्रुपवर टाकून सल्ला विचारायचा असेल, तर पॉलिसी नंबर, चासी नंबर, पत्ता आणि मोबाइल नंबर झाकूनच टाका. सल्ला देणाऱ्याला फक्त तारखा, प्रीमियमच्या ओळी, डिडक्टिबल आणि बोनसचा टक्का दिसला तरी पुरतं.